तुम्ही विचारलंत म्हणून: पेजवर ‘मी’ का?

‘ताई, एकटीचं काम असलं तरी “आम्ही” लिहिलं की भरवशाचं वाटतं ना? मग तुम्ही “मी” का लिहिता?’

मीही चार वर्षं ‘आम्ही’च लिहीत होते. हाताने शिवलेल्या वह्या विकणारी एकटी बाई, असं कुणाला कळू द्यायचं नव्हतं. ‘मी पाठवते’ म्हटलं की बाई बोलतेय हे लगेच समजतं, ‘आम्ही पाठवतो’मध्ये समजत नाही. दर कमी करायला नकार देताना तो आडोसा मला खरोखर उपयोगी पडत होता. त्यात मोठं दिसण्याची हौस नव्हती. ज्या बायका आजही याच कारणासाठी ‘आम्ही’ लिहितात, त्यांना मी चूक म्हणणार नाही.

माझं चुकलं ते वेगळंच. परिचयात मी लिहिलं होतं, ‘प्रत्येक वही मी स्वतः शिवते.’ ऑर्डरच्या पावतीत मात्र होतं, ‘आमची टीम १२ दिवसांत वह्या पोचवेल.’ एका बाईंनी कार्यक्रमासाठी ६० वह्या सांगितल्या. ३८ शिवून झाल्या आणि भोकं पाडताना दाभण अंगठ्यात घुसला. मी कळवलं, हात दुखावलाय, तीन दिवस शिवता येणार नाही. त्यांचं उत्तर आलं, ‘मग टीममधल्या दुसऱ्या कुणाला द्या.’ खाली माझ्याच पावतीचा स्क्रीनशॉट.

मी फोन केला आणि आधी वाद घातला. सगळेच तसं लिहितात, पावतीचा मजकूर तयार साच्यातला आहे, परिचयात तर खरं लिहिलंय ना! त्या शांतपणे म्हणाल्या, ‘परिचय कोण वाचतं? पावती वाचली मी. एकटीच्या हातात ६० वह्या दिल्याच नसत्या, दोघींत वाटल्या असत्या.’ यावर माझ्याकडे बोलायला काही उरलं नाही. ३८ वह्या वेळेवर गेल्या, २२चे पैसे परत केले. पैशांचं दुःख कधीच ओसरलं. ‘दोघींत वाटल्या असत्या’ हे वाक्य अजून टोचतं, कारण माझ्या एका सर्वनामावर त्यांनी आपलं नियोजन बेतलं होतं.

त्यानंतर सगळं ‘मी’त आणायला बसले. वाटलं होतं अर्ध्या तासाचं काम. ‘आम’ शोधलं की आम्ही, आम्हाला, आमच्या सगळे हाती लागतात. पण मराठीत कर्ता न लिहिताही वाक्य पुरं होतं. ‘दोन दिवसांत कळवू’, ‘खराब निघाली तर बदलून देऊ’ यांत ‘आम्ही’ शब्दच नाही, त्यामुळे शोधात ती येत नाहीत. उलट ‘मी’ शोधावं तर कमी, नेहमी, हमी यांचा ढीग. शेवटी सगळा मजकूर मोठ्याने वाचून एकेक क्रियापद तपासलं, कळवूचं कळवीन, देऊचं देईन केलं. तरी रात्री आपोआप जाणारा ‘आम्ही लवकरच संपर्क करू’ हा निरोप सहा महिने तसाच राहिला, कारण तो पेजवर दिसतच नाही, समोरच्यालाच दिसतो.

‘आपण’ मी पार काढून टाकलं. ‘आपण रंग कळवलात की आपण शिवायला घेऊ’ यात पहिला आपण गिऱ्हाईक आणि दुसरा मी. वाचणाऱ्याने काय समजायचं? आता गिऱ्हाइकाला सगळीकडे ‘तुम्ही’. आणि जिथे पैशांचा संबंध आहे तिथे ‘पैसे परत मिळतील’ असं लिहीत नाही, ‘मी तीन दिवसांत पैसे परत करीन’ असंच लिहिते. ‘मिळतील’मध्ये देणारं कोण ते दिसत नाही.

हे सगळं नीट बसलं आणि मग एक मुलगी मदतीला यायला लागली. कागद ती कापते, घड्या ती घालते. आता ‘वह्या मी बनवते’ हेही खरं राहिलं नाही. परिचयात लिहिलं, ‘कागदकाम माझी सहकारी करते, शिवण माझी.’ पण निरोपांना तीही उत्तरं देते. तिने ‘मी कळवते’ लिहिलं तर ती मी कोण? खाली नाव लिही म्हटलं, तर घाईत राहून जातं.

परवा तिने एका गिऱ्हाइकाला लिहिलं, ‘आम्ही उद्या पाठवतो.’ मी ते बदलायला घेतलं होतं. पण ते पार्सल खरंच आम्ही दोघी मिळून बांधणार होतो. तसंच राहू दिलं.