हप्ता अडकला तरी रिपोर्ट अडकू नये : आमची वाटचाल

आमचं सॉफ्टवेअर पॅथॉलॉजी लॅबसाठी आहे. पेशंटची नोंद, सॅम्पलचा बारकोड, रिपोर्ट आणि डॉक्टरांचा हिशेब असं सगळं त्यात चालतं. कोल्हापुरातून सुरुवात केली तेव्हा वर्षाचा चेक यायचा. चेक आला नाही तर आमचा माणूस मोटरसायकलवर जायचा, चहा घ्यायचा आणि चेक घेऊन यायचा. वसुलीची तीच पद्धत होती आणि ती बरी चालायची. लॅब कराड, बेळगाव, पणजीपर्यंत पसरल्या तेव्हा मोटरसायकल पुरेना, म्हणून महिन्याचा हप्ता कार्डवरून आपोआप कापायचं ठरवलं. हप्ता १,५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी २७०, असे १,७७०.

कार्ड नोंदवलं की दर महिन्याला पैसे येत राहतील असं बाहेरून वाटतं. आत काय होतं ते सांगतो, कारण आमच्या धंद्याचं निम्मं शहाणपण तिथेच आलं.

१ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने असा हप्ता कापायचा तर ग्राहकाला एकदा ओटीपी देऊन ई-मँडेट, म्हणजे पुढचे हप्ते आपोआप कापायची परवानगी, नोंदवावी लागते. शिवाय प्रत्येक हप्त्याआधी किमान २४ तास कार्ड देणाऱ्या बँकेने ग्राहकाला सूचना पाठवायची. ओटीपीशिवाय कापायची मर्यादा तेव्हा ५,००० रुपये होती, जून २०२२ मध्ये ती १५,००० झाली. आमचा वार्षिक दर १५,००० होता, म्हणजे जीएसटीसह १७,७००. मर्यादेपेक्षा वर, तेव्हा ओटीपीशिवाय तो कापलाच जाणार नाही. त्यामुळे वार्षिक ग्राहकांना आम्ही आपोआप कापण्याच्या वाटेला लावतच नाही. मुदत संपायच्या आधी त्यांना पेमेंट लिंक पाठवतो आणि तिथे ते स्वतः ओटीपी टाकतात. मासिकवाले मँडेटवर.

मँडेटमध्ये कमाल रक्कमही नोंदवलेली असते. आम्ही ती २,५०० ठेवतो. उद्या दर वाढला किंवा एखाद्याने दुसरं कलेक्शन सेंटर जोडलं तर त्याच मँडेटात बसतं. नाहीतर दरवाढीच्या महिन्यात सगळे हप्ते एकदम फेल जातात आणि दोष ग्राहकाच्या बँकेला दिला जातो.

आता फेल होण्याकडे वळू. ‘पेमेंट फेल’ हे दोन शब्द एकच असले तरी त्यामागची कारणं वेगळी, आणि पुढे काय करायचं ते कारणावर ठरतं. गेटवे, म्हणजे आमच्यासाठी कार्डावरून पैसे कापणारी मधली सेवा, प्रत्येक फेलबरोबर एक कारण परत देतो. खात्यात पैसे नाहीत (बँकांच्या भाषेत कोड ५१) किंवा बँकेचं सर्व्हर लागत नाही (९१), तर पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ आहे. कार्ड हरवल्याची किंवा चोरीला गेल्याची नोंद असेल (४१ आणि ४३), तर पुन्हा मारून काहीही उपयोग नाही. व्हिसाच्या नियमात अशा नकारानंतर पुन्हा प्रयत्नच करायचा नाही. बाकीच्या नकारांनाही तीस दिवसांत पंधरा वेळांची मर्यादा आहे. तेव्हा ‘मारत राहा, कधीतरी लागेल’ हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

आमच्याकडे सगळ्यात जास्त डोकं खाणारे प्रकार मात्र कोडवरून सहज कळत नाहीत. साताऱ्याच्या एका लॅबचंच उदाहरण घ्या. पाच तारखेला हप्ता फेल. कारण आलं ते मोघम, बँकेने व्यवहार नाकारला एवढंच. आमच्या सपोर्टच्या ताईंनी फोन केला तर डॉक्टर म्हणाले, “अहो, कार्ड उत्तम चालतंय. सकाळीच पेट्रोल भरलं.” ताईंनी विचारलं, “सर, कार्ड हल्ली बदलून मिळालंय का?” हो, महिन्यापूर्वी बँकेने नवं पाठवलं होतं. मार्च २०२० पासून नियम असा आहे की नवं किंवा बदलून दिलेलं कार्ड एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवरच चालू असतं, ऑनलाइन वापर ग्राहकाने बँकेच्या ॲपमध्ये जाऊन सुरू करायचा असतो. शिवाय जुनं मँडेट जुन्या कार्डावर होतं. म्हणजे पेट्रोल पंपावरची पावती काहीच सिद्ध करत नव्हती. डॉक्टरांनी ॲपमध्ये ऑनलाइन व्यवहार चालू केले, आम्ही नवं मँडेट नोंदवायची लिंक पाठवली आणि ओटीपी टाकून काम झालं. अशा ठिकाणी रिट्राय कितीही केले तरी व्यर्थ.

दुसरा प्रकार त्याहून चमत्कारिक. हप्त्याआधीच्या बँकेच्या एसएमएसमध्ये आमच्या कंपनीचं नोंदणीकृत नाव जायचं. लॅबवाल्यांना ओळखीचं नाव सॉफ्टवेअरचं. अनोळखी नावाने १,७७० रुपये कापणार म्हटल्यावर माणूस घाबरून सूचनेतला नको म्हणायचा पर्याय दाबतो. मँडेट रद्द, दुसऱ्या दिवशी हप्ता फेल. चूक ग्राहकाची नाही, फसवणुकीच्या बातम्या वाचणारा कोणीही तेच करेल. आम्ही गेटवेला सांगून दिसणारं नाव सॉफ्टवेअरचं करून घेतलं. तीन तारखेला आमचाही व्हॉट्सॲप जातो : बँकेचा एसएमएस येईल, त्यात नाव असं असेल, रक्कम इतकी असेल. हे दोन बदल एवढ्यासाठी सांगितले की त्यांनी जेवढं वाचवलं तेवढं रिट्रायच्या कुठल्याच हुशारीने वाचवलं नाही.

खात्यात पैसे नसण्याचं म्हणाल, तर लॅबचं करंट खातं महिन्याच्या सुरुवातीला रोडावलेलं असतं. रीएजंटवाल्यांची बिलं, पगार, भाडं तेव्हाच जातं आणि हॉस्पिटलांचं येणं दहा तारखेनंतर. अशा खात्यावर पाच तारखेनंतर रोज सकाळी तोच हप्ता मारला तर तो रोज सकाळी फेल होणार. म्हणून नोंदणी करतानाच आम्ही ‘पाच तारीख की पंधरा?’ असं विचारतो. पंधरा घेणारे पुष्कळ निघाले.

गेटवेच्या बाजूने क्रम असा चालतो. पाच तारखेला हप्ता फेल झाला की सबस्क्रिप्शनची स्थिती `active` वरून `pending` होते. सहा, सात आणि आठ तारखेला गेटवे आपोआप पुन्हा प्रयत्न करतो. तिन्ही फेल गेले की स्थिती `halted` होते आणि गेटवे आपल्या बाजूने कापणं थांबवतो. प्रत्येक बदलाची खबर आमच्या सर्व्हरला वेबहूकने, म्हणजे गेटवेने आपणहून पाठवलेल्या संदेशाने, येते. नवीन लोक इथे घाई करतात : `halted` आलं की खातं लॉक. गेटवेने थांबवलं म्हणजे ग्राहकाने बुडवलं असा त्याचा अर्थ नाही. गेटवेला तुमचा धंदा माहीत नसतो, म्हणून आमची सवलतीची मुदत गेटवेच्या स्थितीपासून वेगळी मोजली जाते. वेबहूक उशिरा येतो, कधी दोनदा येतो, कधी नंतरचा आधी पोचतो. तेव्हा काहीही बंद करण्याआधी आमचा प्रोग्राम गेटवेला थेट विचारतो की या बिलाचे पैसे आले का.

पैसे आले का, याचं उत्तर ‘माहीत नाही’ असंही असतं. ग्राहकाच्या खात्यातून वजा झाले, एसएमएस आला, पण आमच्याकडे पावती नाही. ग्राहक स्क्रीनशॉट पाठवतो आणि खरंच बोलत असतो. अशा अडकलेल्या पैशांसाठी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये मुदत ठरवली आहे : कार्डाच्या व्यवहारात पाच दिवसांच्या आत रक्कम आपोआप परत, त्यापुढे रोज १०० रुपये भरपाई. आमचा नियम साधा : अशा ग्राहकाकडून तोवर दुसऱ्यांदा पैसे मागायचे नाहीत आणि त्या दिवसांत खात्याला हात लावायचा नाही. दुसरी खबरदारी म्हणजे लिंक पाठवली की ती त्याच बिलाची असते. लिंकवरून पैसे आले की उरलेले रिट्राय बंद. नाहीतर सात तारखेला ग्राहकाने हाताने भरले आणि आठला कार्डावरूनही गेले, मग परतावा, माफी आणि जीएसटीची क्रेडिट नोट.

आता लॉकचं. आमच्या जागी सिनेमाची सबस्क्रिप्शन असती तर पाचव्या दिवशी पडदा बंद केला असता, काय बिघडलं? इथे दुपारी रक्त दिलेला पेशंट संध्याकाळी रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जायचा असतो. १,७७० रुपयांसाठी त्याचा रिपोर्ट अडवणं मला मान्य नाही, आणि वकिलाला विचारायचीही गरज पडली नाही.

म्हणून लॉक एकदम न लावता टप्प्याने. पाच तारखेच्या हप्त्याला वीस तारखेपर्यंत मुदत. या काळात सगळं चालू, फक्त मालकाच्या लॉगिनवर एक पिवळी पट्टी. रिसेप्शनवरच्या मुलीच्या स्क्रीनवर ती पट्टी कधीच दिसत नाही. पेशंट काउंटरला टेकून स्क्रीन बघत असतो, त्याला लॅबची थकबाकी कशाला कळायला हवी? एकवीस तारखेपासून नवीन पेशंटची नोंद बंद होते, पण आधी नोंदवलेल्या सॅम्पलचे निकाल भरता येतात, रिपोर्टवर सही होते, प्रिंट निघते. त्यानंतर महिनाभर काही आलं नाही की खातं फक्त बघण्यापुरतं उरतं. जुने रिपोर्ट शोधता येतात, छापता येतात आणि पूर्ण डेटा एक्सेलमध्ये उतरवून घेता येतो. डेटा उतरवण्याचं बटण आम्ही कुठल्याच टप्प्यावर बंद करत नाही. एकदोन भागीदार म्हणाले, हेच तर आपलं हत्यार आहे. मी म्हटलं, ते डॉक्टरांचे पेशंट आहेत, आपले नाहीत.

लॉक लागण्याची वेळही ठरलेली आहे : सोमवार ते शुक्रवार, सकाळी अकरा, आणि त्याआधी ताईंचा फोन झालेला असला पाहिजे. शनिवारी संध्याकाळी लॉक लावला तर रविवारी बँकेचा माणूस भेटत नाही आणि आमचाही फोन कोणी उचलत नाही. उघडणं मात्र कोणत्याही वेळी, पैसे जमा झाल्याची खबर आली की काही मिनिटांत, माणसाचा हात न लागता. रात्री अकराला पैसे भरणाऱ्याला सकाळपर्यंत ताटकळत ठेवलं तर तो पुढच्या वेळी भरायचा कंटाळा करतो.

एक हिशेबाचा मुद्दा भांडणं टाळायला लिहूनच ठेवलाय. एखाद्या लॅबने एकोणीस तारखेला पैसे भरले तर पुढचा हप्ता पाच तारखेलाच पडतो, एकोणीसला सरकत नाही. मुदतीत सगळं चालू होतं, तेव्हा ते दिवस वापरलेलेच आहेत. पण नवीन नोंद बंद झाल्यावर, समजा पंचवीस तारखेला भरले, तर नोंद बंद राहिलेल्या चार दिवसांचे प्रमाणात २३६ रुपये आम्ही पुढच्या बिलात वजा करतो. भागीदारांना हे अजून पटलेलं नाही, तरी प्रोग्राममध्ये ते तसंच आहे.