इंदूरहून परळला एमआरडीसाठी: आमचा प्रवास आणि जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी

माझा भाचा सहा वर्षांचा, त्याला बी-सेल एएलएल, म्हणजे ल्युकेमिया, रक्ताचा कॅन्सर. इंडक्शन, म्हणजे केमोचा पहिला टप्पा, संपल्यावर इथे इंदूरलाच बोनमॅरो काढली, मायक्रोस्कोपमध्ये ब्लास्ट, म्हणजे कोवळ्या पेशी, २ टक्के, पाचच्या खाली, म्हणून रेमिशन, आजार आटोक्यात. ताईने रामबागेतल्या घरी देवापुढे साखर ठेवली. मग एमआरडीचा, म्हणजे उपचारानंतर उरलेल्या आणि मायक्रोस्कोपला न दिसणाऱ्या आजाराच्या पेशी शोधणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट आला, वर निगेटिव्ह आणि खाली बारीक अक्षरात 'सॅम्पल हीमोडायल्यूट'. ती ओळ नक्की वाचा, आम्ही आधी वाचलीच नव्हती.

झालं असं की सुई टाकल्यावर आधीच्या सिरिंजा दुसऱ्या तपासण्यांना गेल्या आणि एमआरडीला शेवटची मिळाली, तोवर मॅरोत रक्त मिसळलेलं असतं. मशीनला मोजायला फक्त ८० हजार पेशी मिळाल्या. निर्णयाची रेषा ०.०१ टक्के, म्हणजे दहा हजारांत एक, तर ८० हजारांत जेमतेम आठ. एवढ्याशा पेशींवरून लॅब खात्रीने काही सांगू शकत नाही, त्यामुळे तो निगेटिव्ह धरायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं आणि आम्ही अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला निघालो.

गाडी सकाळी मुंबई सेंट्रलला पोचते, तिथून टॅक्सीने परळ, टाटा. अपॉइंटमेंट त्याच दिवशीची घेऊ नका, दुसऱ्या दिवशीची घ्या, कारण भूल द्यायची तर मुलाला उपाशी ठेवावं लागतं आणि रात्रभराच्या प्रवासानंतर भुकेलं पोर सांभाळणं फार कठीण जातं. आणि पहिल्या दिवशीचा, म्हणजे निदानाच्या वेळचा फ्लो सायटोमेट्रीचा पूर्ण रिपोर्ट ग्राफसकट बरोबर न्या. इंडक्शननंतर मॅरोत नव्या चांगल्या बी-पेशी उगवत असतात, त्या कोवळ्या असल्यामुळे ल्युकेमियाच्या पेशींसारख्याच दिसतात. लेझरखाली प्रत्येक पेशीवरचे रंगीत मार्कर वाचून दोघी वेगळ्या काढतात, आणि आजाराच्या पेशींचा मूळ चेहरा कसा होता हे जुन्या रिपोर्टवरून कळतं. स्टेरॉइडने काही मार्कर बदलतात, म्हणून एकाच मार्करवर विसंबत नाहीत.

ताईने आत जायच्या आधीच विचारलं, "मॅडम, पहिली सिरिंज एमआरडीलाच जाईल ना?" मॅडम म्हणाल्या, "हो ताई, पहिलीच." जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये थोडीशीच मॅरो होती पण घट्ट, बारीक कण दिसणारी. (सॅम्पल लांब पाठवणार असाल तर बर्फात घालू नका, आणि शनिवारी काढू नका, सोमवारपर्यंत पेशी मरायला लागतात.)

या वेळी १० लाख पेशी मोजल्या, त्यात ३८० आजाराच्या, ग्राफवर सगळ्या एकाच ठिकाणी गोळा झालेल्या. ०.०३८ टक्के. मायक्रोस्कोपला हे कधीच दिसलं नसतं.

त्या आकड्यावर भाच्याचा गट बदलला, हाय रिस्क. पुढची कन्सॉलिडेशन, म्हणजे केमोचा पुढचा टप्पा, जास्त कडक, हॉस्पिटलचे दिवस वाढले, आणि ती संपल्यावर परत एमआरडी. तेव्हाही पॉझिटिव्ह आली तर इम्युनोथेरपी किंवा ट्रान्सप्लांटचं बोलणं होणार. ताई खूप रडली, पण आधीच्या कागदावर भरवसा ठेवला असता तर त्याला हलकीच औषधं मिळत राहिली असती. औषधं आता इंदूरलाच चालू आहेत, पुढच्या मॅरोसाठी मंगळवारची तारीख घेतलीय.