ए-ए फेरीनं घातला खोडा: वहिनींच्या साबणाची कॅप्शन-चाचणी, पुढचा भाग

वहिनींच्या साबणाची कुठली कॅप्शन जास्त चालते, हे आम्ही व्हॉट्सअ‍ॅप ब्रॉडकास्टच्या दोन याद्यांना वेगवेगळी कॅप्शन पाठवून तपासतोय. मागच्या फेरीत किंमत न लिहिलेल्या कॅप्शनला जास्त विचारणा आल्या. त्या नोंदीवरून ज्यांनी ‘म्हणजे किंमत न लिहिलेली बरी’ असा अर्थ काढला, त्यांनी आधी हे वाचा. ए-ए फेरी झाली आणि तिनं पार घोळ घातला. दोन्ही याद्यांना तोच फोटो, तीच कॅप्शन, एकापाठोपाठ लगेच पाठवलेली. एका यादीतून ८ जणींनी विचारणा केली, दुसरीतून ३. कॅप्शनमध्ये काना-मात्रेचाही फरक नसताना!

आता मागच्या फेरीचे आकडे शेजारी ठेवा. ‘किंमतीसाठी मेसेज करा’ या कॅप्शनला ९ विचारणा, ‘१०० ग्रॅम, १५० रुपये’ या कॅप्शनला ४. याद्या दोन्ही वेळा ११०-११० जणांच्याच. वहिनींनी दोन्ही ओळी वाचल्या आणि शांतपणे विचारलं, “भाऊजी, मग त्या ९ आणि ४ चं काय धरायचं?”

काही धरायचं नाही, असं उत्तर आहे. त्यामागचं गणित सोपं आहे. मागच्या फेरीत एकूण १३ विचारणा आल्या. कॅप्शननं काहीच फरक पडत नाही असं क्षणभर धरा. मग याद्या सारख्याच मोठ्या असल्यानं प्रत्येक विचारणा इकडून येणार की तिकडून, ही निव्वळ नाणेफेक. १३ नाण्यांत ९ किंवा त्याहून जास्त छापे पडण्याची शक्यता शीटमध्ये अशी निघते:

```
=1-BINOM.DIST(8,13,0.5,TRUE)
```

उत्तर ०.१३. झुकाव दुसऱ्या बाजूलाही होऊ शकला असता, म्हणून दुप्पट: सुमारे ०.२७. म्हणजे कॅप्शन अगदी निरुपयोगी असली, तरी एवढा किंवा याहून जास्त फरक साधारण चारातून एकदा दिसणारच. ए-ए फेरीतल्या ८-३ चं उत्तर ०.२३ येतं. दोन्ही एकाच माळेचे मणी.

एक शंका रास्त आहे: याद्याच विषम पडल्या असतील तर? मी नियमित गिऱ्हाइकं मोजून पाहिली, ती दोन्हीकडे जवळपास सारखी होती. पण एकट्या ए-ए फेरीवरून ‘यादी विषम’ आणि ‘नुसता योगायोग’ यांत फरक करता येत नाही. दोन्हींवर उपाय मात्र एकच: दर फेरीला याद्या नव्यानं पिसायच्या. मग नेहमी घेणारी बाई एकदा इकडे पडते, एकदा तिकडे, आणि तिच्यामुळे कुठल्याच कॅप्शनचं पारडं कायमचं जड होत नाही.

इन्स्टाग्राम सोडून व्हॉट्सअ‍ॅप ब्रॉडकास्टवर का आलो, असं परत विचारलं गेलं म्हणून थोडक्यात. ३४० फॉलोअर्सच्या पानावर सोमवारी एक कॅप्शन आणि गुरुवारी दुसरी टाकली, की वार बदलतो, फोटो बदलतो, आणि पोस्ट किती जणांना दाखवायची हे आपल्या हातात राहत नाही. सुरुवातीला दोन-चार लाइक पटापट पडले तर ती आणखी लोकांपुढे जाते, म्हणजे छोटा योगायोग फुगून मोठा होतो. शिवाय तिथे कॅप्शनची पहिली ओळ-दीड ओळ दिसते आणि बाकी सगळं ‘more’च्या मागे. ‘कॅप्शनला गुण देणारं’ एक पैसेवालं अ‍ॅपही मी महिनाभर वापरलं. त्यानं वहिनींच्या प्रत्येक कॅप्शनला इमोजी वाढवा एवढंच सांगितलं. पैसे पाण्यात. साधी शीट त्याहून शंभर पटीनं कामाची.

ब्रॉडकास्टमध्ये एका यादीत २५६ जण बसतात आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोहोचतो. आपल्याला तेवढं पुरतं. कुणाला कुठली कॅप्शन जाणार हे इथे आपण ठरवतो, आणि सगळा फायदा त्यातच आहे. वाटणी मी `=RAND()` नं करतो. मात्र आकडे आले की लगेच त्यांची नुसती व्हॅल्यू पेस्ट करून गोठवा, नाहीतर शीटमध्ये कुठेही हात लावला की ते पुन्हा बदलतात आणि कोण कुठल्या यादीत होतं याचा पत्ता लागत नाही.

पेस्ट करण्याआधी आणखी एक गोष्ट. मागच्या फेरीत किंमत नसलेल्या यादीतल्या एका काकूंनी विचारणा केली ती थेट किंमत असलेल्या कॅप्शनचा स्क्रीनशॉट पाठवून: “१५० चीच ना ही वडी?” तो स्क्रीनशॉट त्यांच्या सुनेच्या फोनवरून आला होता. सासू एका यादीत, सून दुसऱ्या यादीत, आणि दोघी एकाच स्वयंपाकघरात. तेव्हापासून आकडा माणसागणिक न देता घरागणिक देतोय. जावा-जावा, सासू-सुना, मायलेकी एकाच यादीत. सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड होतं ते मात्र थांबवता येत नाही. तेवढी गळती धरून चाला. गळती झाली की खरा फरक असेल त्यापेक्षा लहान दिसतो.

आता मोजायचं काय? किंमतीची ती मागची फेरी मला ए-ए इतकीच शिकवून गेली. किंमत न लिहिलेल्या कॅप्शनच्या ९ विचारणांपैकी बहुतेक ‘कितीला?’ एवढ्याच होत्या. उत्तर गेलं की पुढे सामसूम. पैसे आले ते दोन्ही याद्यांतून तीन-तीन जणींचे. ‘मेसेज करा’ म्हटलं की मेसेज येणार, त्यात नवल ते काय. पण त्या वाढलेल्या मेसेजना उत्तरं देण्यात वहिनींची अख्खी दुपार गेली. म्हणून आता मोजायचे ते फक्त ४८ तासांत यूपीआयनं पैसे आलेले लोक. वड्या नाहीत, माणसं. संक्रांतीला हळदीकुंकवाचं वाण म्हणून एकटीनं ३० छोट्या वड्या उचलल्या, तर त्या एका ऑर्डरनं कुठलीही कॅप्शन जिंकेल.

भागाकारात खाली कोण, हेही ठरवून टाकलं. मेसेज ज्यांना पोहोचला ते सगळे. ‘वाचलं त्यांच्यापैकी किती’ असं काढायचा मोह होतो, कारण मेसेजच्या माहितीत वाचलेल्यांची यादी मिळते. पण नोटिफिकेशनमध्ये कॅप्शनचे पहिले शब्द दिसतात, तेव्हा उघडायचं की नाही हे कॅप्शनच ठरवते. वाचणारेच तेवढे धरले, तर तिच्या कामाचा अर्धा भाग हिशेबातून गळतो.

पण ऑर्डरी मोजायच्या म्हटलं की आकडे आणखी लहान होतात. मूळ दुखणं हेच. ४ टक्के आणि ८ टक्के यांतला फरक, म्हणजे चक्क दुप्पट विक्री, बऱ्यापैकी खात्रीनं पकडायला दर यादीत सुमारे ५५० माणसं लागतात. आपल्याकडे ११०. तेव्हा एका फेरीत निकाल ही गोष्टच डोक्यातून काढली आणि फेऱ्यांची बेरीज करायची ठरवली. याद्या दर वेळी पिसल्या असल्यानं ही बेरीज चालते. बेरजेतले ऑर्डरवाले किती विषम वाटले गेले म्हणजे नाणेफेक म्हणून सोडून देता येणार नाही, ते मी पाकिटावर लिहून फ्रिजला लावलंय: ६ पैकी ६-०, १३ पैकी ११-२, २० पैकी १५-५, ४० पैकी २७-१३.

तर बेत होता २० ऑर्डरवाल्यांवर थांबायचं. इथवर लिहिलं आणि वाटलं, उलट बाजूही तपासून बघावी. समजा एक कॅप्शन खरोखरच दुसरीच्या तिप्पट विकते, म्हणजे प्रत्येक ऑर्डर तिच्या बाजूनं येण्याची शक्यता ०.७५. मग २० मध्ये १५ चा उंबरठा ती ओलांडेल का?

```
=1-BINOM.DIST(14,20,0.75,TRUE)
```

०.६२. तिप्पट विकणारी कॅप्शनसुद्धा पाचातून जवळजवळ दोनदा ‘फरक दिसला नाही’ म्हणून कचऱ्यात जाणार! तोच हिशेब ४० वर केला तर सुमारे ०.९०. म्हणून बेत आत्ताच बदलतोय: ४० वर थांबायचं. फेरीला सहाएक ऑर्डरी धरल्या तर सात फेऱ्या. प्रत्येक फेरीला नवी बॅच लागते आणि वहिनींच्या कोल्ड प्रोसेसच्या वड्या चार ते सहा आठवडे रॅकवर वाळून क्युअर झाल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. वहिनी म्हणाल्या, दोन बॅचेस एकाआड एक लावते, म्हणजे महिन्याला दोन फेऱ्या बसतील. मधे दिवाळी आली तरी बिघडत नाही. उटण्याचा साबण खपतो तेव्हा दोन्ही याद्यांत खपतो. अट एकच: मधेच ६-० दिसलं म्हणून दुकान बंद करायचं नाही. दर फेरीनंतर डोकावून हवं तिथे थांबायची मुभा घेतली, तर फ्रिजवरचे आकडे खोटे पडतात.

एवढा खटाटोप करायचा तर विशेषणं बदलण्यात अर्थ नाही. ‘सुगंधी’ विरुद्ध ‘मनमोहक’ यातला फरक असलाच तरी तो ४० ऑर्डरीत सापडणार नाही. किंमतीची चाचणीही इथेच बंद, कारण एकदा किंमत वाचलेली बाई पुढच्या फेरीत ती विसरत नाही. यापुढे किंमत दोन्हीकडे लिहायची.

कॅप्शनची नवी जोडी मिळाली ती आकड्यांतून नाही. जुन्या चॅट उघडून लोकांनी विचारलेले प्रश्न एकाखाली एक उतरवले. मला वाटलं होतं की वास आणि फेस यांवरच प्रश्न असतील. सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न निघाला ‘कोरड्या त्वचेला चालेल का’. आणि आपल्या सगळ्या कॅप्शन सुरू होतात कशापासून? नागरमोथा, कापूरकाचरी, खोबरेल. म्हणून पहिली ओळ दोन प्रकारची:

क: “मसूर डाळ, हळद आणि घाण्याचं खोबरेल. १०० ग्रॅम, १५० रुपये.”
ख: “अंघोळीनंतर अंग ओढल्यासारखं होतं? ही वडी त्यासाठी. १०० ग्रॅम, १५० रुपये.”

बाकी मजकूर शब्दशः तोच. ख लिहिताना वहिनींनी सुपरफॅट, म्हणजे साबण न बनता वडीत तसंच उरणारं तेल, ८ टक्के ठेवलंय, नाहीतर ती ओळ लिहायला मी तयार नव्हतो. ‘इसब जातो’, ‘पिंपल्स बरे होतात’ असली वाक्यं सुचवणाऱ्यांना परत एकदा नमस्कार. ती चाचणीला घेणार नाही. साबण हे औषध नव्हे, कायद्यानंही नव्हे, आणि अशी कॅप्शन जिंकली तरी वापरता येणार नाही.

पहिली फेरी मसूर डाळीच्या बॅचवर. वड्या रॅकवर आहेत, याद्या पिसून झाल्या, आकडे गोठवले. एक काम अजून जिवावर येतं: ब्रॉडकास्ट यादी दर वेळी नव्यानं बांधताना ११० नावांवर अंगठ्यानं टिक करत बसणं. बिझनेस अ‍ॅपमधली लेबलं लावून हे कमी होतंय का ते बघतोय. कुणी करून पाहिलं असेल तर सांगा, आणि घरटी गट पाडायची हातानं न करायची एखादी युक्ती असेल तर तीही.