मघाची पोट्टी, पुनर्वसूचा पोट्टा

"गुरुजी, पोट्टी राक्षसगणाची निघाली, अन् योनीत मांजर-उंदीर हाय म्हणते. सोयरीक मोडावी काय?"

तुळशीचं लग्न लागलं की आर्वीकडच्या आमच्या गावात माझ्या ओसरीवर हे ऐकू येतं. मी निवृत्त मास्तर, पंचांग वडिलांकडून आलेलं.

राक्षस म्हटलं की मायचा चेहरा उतरतो, तो नुसत्या नावाने. जन्मवेळी चंद्र ज्या नक्षत्रात असेल त्यावरून गण ठरतो. २७ नक्षत्रांचे नऊ-नऊ असे तीन वाटे आहेत. देवगण मऊ, पड खाणारा. मनुष्यगण मधला. राक्षसगण तोंडावर बोलणारा, हट्टाला पेटणारा, वाईट नव्हे. पत्रिका जुळवताना गणाला ३६ पैकी ६ गुण. योनीही त्याच नक्षत्रावरून, पण तिथे चौदा जनावरं. ती विचारते अंगच्या ओढीचं: दुसरा जवळ आला की जीव रमतो की दचकतो? त्याला ४ गुण.

मागच्या साली आलेली मुलगी मघाची, म्हणून उंदीर. मुलगा पुनर्वसूचा, मिथुन राशीचा, म्हणजे देवगण अन् मांजर. योनीत शून्य. देव-राक्षस जोडीला एखाद्या कोष्टकात १, एखाद्यात तोही नाही. तरी नाडीचे ८ आणि दोघांच्या राशींवरून मिळणारे राशिकूटाचे ७ पुरे आले, अन् बेरीज लागणाऱ्या अठराच्या वर गेली.

मी जन्मवेळ विचारली. माय म्हणाली, "सांजच्याला, गाई घरी येत होत्या तवा." पाहतो तर त्याच सांजेला चंद्र आश्लेषातून मघात शिरत होता. जन्म घटकाभर अलीकडचा धरला तर मुलगी आश्लेषाची, म्हणजे तीही मांजर, योनीचे चारही गुण पदरात. पण मग रास सिंहाची कर्क होते. मिथुन-कर्क द्विर्द्वादश, म्हणजे लागोपाठच्या राशी, राशिकूटाचे सात गेले! गण दोन्हीकडे राक्षसच. (सोयीने वेळ सरकवणारे असतात, त्यांनी आधी ही वजाबाकी करून पाहावी.)

घटकाभराने उंदराचं मांजर होतं, आणि चंद्र तर एका नक्षत्रात जवळपास दिवसभर असतो. तेवढ्या वेळात जन्मलेल्या सगळ्या लेकरांचा गण एकच, जनावर एकच. सख्खे भाऊ एका नक्षत्राचे असून एक तापट, एक गरीब, असं मी वर्गात पाहिलंय. म्हणून बेरीज बरी असताना गण-योनी या दोन कूटांपायी मी सोयरीक मोडायला सांगत नाही. फक्त ते काय विचारतात, तेवढं घरच्यांना विचारतो.

"रागावली का किती दिवस बोलत नाही?" मी विचारलं.

माय हसली. "अबोला कायचा, गुरुजी? बोलतच राह्यते."

मुलाच्या काकाला तेच विचारलं. "तो काहीच बोलत नाही. वावरात निघून जाते, जेवाले येते."

पोट्टी आतून ऐकत होती. म्हणाली, "मंग मी डबा घेऊन वावरातच जाईन."