तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीमागे धावणारा कुत्रा

*"आमचा कुत्रा घरात अगदी शहाणा आहे. पण रस्त्यावर बाईक किंवा सायकल दिसली की अंगात आल्यासारखा सुटतो. गाडी पकडून तो करणार तरी काय? आणि ही सवय मोडायची कशी?"*

करणार काहीच नाही. पकडणं हा त्याच्या दृष्टीने दुय्यम भाग आहे, धावण्यातच त्याला हवं ते मिळून जातं. म्हणूनच कुणी खाऊ न देता, कुणी न शिकवता ही सवय दर खेपेला पक्की होत जाते.

कुत्र्याच्या शिकारीचे टप्पे ठरलेले असतात. आधी हालचालीकडे मान वळते, मग नजर रोखली जाते, अंग खाली जातं, दबकत पुढे सरकणं सुरू होतं, मग पाठलाग आणि त्यानंतर धरणं, मारणं. माणसाने कामासाठी कुत्रे निवडताना यातले काही टप्पे वाढवले आणि काही दाबले. मेंढ्या वळवणाऱ्या बॉर्डर कॉलीमध्ये नजर रोखणं, दबकणं आणि पाठलाग ठळक आहेत, चावा मात्र दबलेला. दबलेला म्हणजे नाहीसा झालेला नव्हे, हे सायकलस्वाराच्या पोटरीच्या वतीने सांगून ठेवतो. गावठी किंवा मिश्र जातीच्या कुत्र्यातही हीच साखळी कमी-अधिक प्रमाणात असते. ती सुरू करते ती वस्तू नव्हे, तिची हालचाल. उभ्या बाईकला कुत्रा वास घेऊन सोडून देतो आणि तीच बाईक झपकन आडवी गेली की मागे लागतो.

पण प्रत्येक पाठलाग शिकारीचाच असतो असं नाही. काही कुत्रे आपली हद्द राखत असतात. गाडी येते, हा भुंकत धावतो, गाडी जाते. गाडी तशीही जाणारच होती, पण त्याच्या लेखी आपण हाकलली म्हणून ती गेली, आणि हा विजय त्याला रोज फुकटात मिळतो. काही कुत्रे चक्क घाबरलेले असतात. त्यांना आवाज आणि वेग सोसत नाही, आणि गाडीची पाठ दिसली की त्यांना धीर येतो.

आपला कुत्रा यातला कोणता, हे गाडी जवळ येण्याआधीच्या काही सेकंदांत दिसतं. शिकारी वृत्तीचा कुत्रा गप्प असतो. तोंड मिटतं, कान पुढे येतात, शेपटी स्थिर होते आणि वजन पुढच्या पायांवर जातं. हद्द राखणारा आधीपासूनच भुंकतो, कुंपणाच्या कडेने पळतो आणि ठराविक जागी थांबून परत फिरतो. घाबरलेला गाडी येताना मागे सरतो, ओठ चाटतो, शेपटी खाली घेतो आणि गाडी बाजूने गेल्यावर झेपावतो. पुढे सांगतो ती पद्धत तिघांनाही चालते, पण घाबरलेल्यासाठी अंतर जास्त ठेवावं लागतं आणि वेग फार हळू वाढवावा लागतो. इथे मी मुख्यतः पहिल्या, गप्प कुत्र्याबद्दल लिहितो, कारण लोक फसतात ते त्याच्याच बाबतीत. भुंकत नाही म्हणजे शांत आहे, असं त्यांना वाटतं.

शिकवणं सुरू करण्याआधी पाठलाग बंद व्हायला हवेत. आठवडाभर छान सराव केला आणि रविवारी फाटक उघडं राहून तो तीन गाड्यांमागे धावला, तर केलेलं बरंचसं काम वाया जातं. रस्त्याकडेचं कुंपण जाळीचं असेल तर निदान कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीपर्यंत ते आडोसा लावून बंद करा. फिरायला नेताना छातीवर आणि पाठीवर कडी असलेला हार्नेस आणि साधा दोन मीटरचा पट्टा वापरा. आपोआप लांब होणारा दोरीचा पट्टा या कामाला नको, कारण आयत्या वेळी तो आवरता येत नाही. मोकळ्या मैदानात ५ ते १० मीटरची लांब दोरी चालेल, पण ती हार्नेसच्या पाठीवरच्या कडीलाच बांधायची. दोरीच्या टोकाला बसणारा झटका गळपट्ट्यावर आला तर मानेला आणि श्वासनलिकेला इजा होते. ती दोरी हाताला गुंडाळायची नाही. बोटं मोडतात.

आता मूळ काम. कुत्र्याला गाडी दिसते, पण तो अजून तुमचं ऐकू शकतो, असं अंतर शोधायचं. त्याची साधी चाचणी खाऊ. एरवी आवडीने खाणारा कुत्रा नाकासमोर धरलेल्या चिकनकडे बघतही नसेल, तर तुम्ही फार जवळ आहात. खातोय, पण बोटांना दात लागतील इतक्या घाईने ओढून घेतोय, तर अगदी काठावर आहात.

समजा, दोन वर्षांचा मेंढपाळ जातीचा कुत्रा आहे. सायकल ४० मीटरवरून गेली तर तो बघतो आणि पुन्हा गवत हुंगतो. २५ मीटरवर तोंड मिटतं, पण खाऊ घेतो. १५ मीटरवर गोठतो आणि काहीच घेत नाही. याचं काम ३० मीटरवर सुरू करायचं. वाटाण्याएवढे उकडलेल्या चिकनचे तुकडे कमरेच्या पिशवीत ठेवा. सायकल दिसली, त्याने बघितलं, की त्याच क्षणी एक ठरलेला छोटा शब्द म्हणा, उदाहरणार्थ 'येस', आणि तुकडा द्या. तुकडा त्याच्या नाकापाशी न्यायचा नाही. रस्त्याच्या उलट बाजूला, तुमच्या गुडघ्यापाशी द्या, म्हणजे घ्यायला त्याला मान वळवावी लागेल. पाठलागाची हौस दांडगी असेल तर तुकडा रस्त्यापासून दूर, जमिनीवरून दोन-तीन मीटर घरंगळत सोडा. धावायचं आहे ना, मग इकडे धाव.

क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी सायकल, मग खाऊ. बरेच जण सायकल येताना पाहून त्याचं लक्ष चुकवायला आधीच खाऊ पुढे करतात. मग एक तर कुत्रा सायकलबद्दल काहीच शिकत नाही, नाही तर खाऊ निघाला की सायकल येणार, असं ओळखून उलट जास्तच शोधक होतो.

काही दिवसांत एक बदल दिसेल. सायकल दिसताच तो क्षणभर बघेल आणि तुम्ही शब्द उच्चारायच्या आत स्वतःहून तुमच्याकडे वळेल. हेच हवं होतं. आता ही वळलेली मान टिपून 'येस' म्हणायचं. दहा सायकलींपैकी आठ वेळा तो असा वळला, की पुढच्या खेपेला अंतर दोन-तीन मीटरने कमी करा. पाचच वेळा वळला, तर उलट वाढवा. एका वेळी दहा मिनिटं पुरे.

एका वेळी एकच गोष्ट अवघड करायची, हा नियम मोडला की घडी विस्कटते. वेग, अंतर, आवाज आणि गाड्यांची संख्या या वेगवेगळ्या परीक्षा आहेत. मदतीला कुणी सायकलवाला असेल तर उत्तम. आधी सायकल उभी ठेवा, मग हाताने ढकलत न्या, मग हळू चालवा, मग जोरात. प्रत्येक वेळी वेग वाढवला की अंतरही वाढवायचं. वरचा कुत्रा हळू सायकलीला २० मीटरवर जमवू लागला असेल, तरी जोरातल्या सायकलीसाठी परत ३५ वर जायचं. सायकलवर जमलं म्हणजे बाईकवर जमलं असं नसतं. बाईकचा आवाज वेगळा, वेग वेगळा, तिथे जवळजवळ नव्याने सुरुवात करावी लागते.

गाडी अचानक वळणावरून समोर आली तर या सगळ्याला वेळ नसतो. त्यासाठी 'फिर' म्हटलं की तुमच्याबरोबर उलटं वळायचं, हे आधी घरात आणि मग अंगणात शिकवून ठेवा. शब्द, वळण, चार पावलं आणि मग मूठभर तुकडे गवतात. पट्टा ताणून जागीच धरून ठेवू नका, ताणामुळे त्याची ओढ आणि चिडचिड दोन्ही वाढतात.

ओरडून काही होत नाही. हद्द राखणाऱ्याला तर मालकही आपल्या जोडीने भुंकतोय असं वाटू शकतं. विजेचा झटका देणारे किंवा काटेरी पट्टे मला मान्य नाहीत, आणि कारण केवळ दयेचं नाही. वेदना होते तेव्हा कुत्र्याच्या डोळ्यांसमोर सायकल असते. सायकल आली की दुखतं, असं तो जोडतो, आणि हौसेने धावणारा कुत्रा भीतीपोटी चावणारा होऊ शकतो.

पाठलागाची भूक मात्र उरतेच. ती भागवायला एक-दीड मीटरची काठी, तिला तेवढीच दोरी आणि टोकाला कापडी खेळणं, इतकं पुरतं. कुत्र्याने आधी थांबायचं, 'घे' म्हटल्यावरच सुटायचं. खेळणं जमिनीलगत मोठ्या गोलात फिरवा, हवेत उडवू नका, कारण उड्या आणि झटक्याची वळणं सांध्यांना महागात पडतात. मिनिटभरात त्याला ते पकडू द्या, ओढू द्या, मग 'सोड' म्हणून तुकडा देऊन घ्या. असे तीन-चार डाव पुरेत. वाढत्या पिल्लाला याहून कमी आणि हळू. लेझरचा ठिपका इथे नको. तो कधीच हाती लागत नाही, आणि काही कुत्रे मग सावल्या आणि कवडशांमागे झपाटल्यासारखे धावू लागतात.

इतकं करूनही वर्षानुवर्षं गाड्यांमागे धावलेल्या कुत्र्याला रस्त्याजवळ मोकळं सोडता येईल, असं मी सांगणार नाही. तो पट्ट्यावर निवांत चालेल, एवढं मिळवता येतं. एकदा कुणाला चावला असेल तर फिरताना त्याला श्वास घेता येईल, पाणी पिता येईल अशी जाळीची मुसकी सवयीने घालायला शिकवा आणि पशुवैद्याला दाखवा. सवय अचानक लागली असेल किंवा वाढली असेल तरी दाखवा, कारण अंगात कुठे दुखत असेल तर कुत्र्याची सहनशक्ती कमी होते. फार घाबरणाऱ्याला सरावाच्या जोडीला औषध लागू शकतं, तेही तेच ठरवतील.

आणि सुटलाच हातून, तर त्याच्या मागे धावू नका. चालवणाऱ्याला हळूहळू वेग कमी करून थांबायला सांगा. हालचाल थांबली की बहुतेक कुत्र्यांचा पाठलागही तिथेच संपतो. सायकलवाल्याने उतरून सायकल स्वतःच्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरावी. मग तुम्ही बाजूने, सावकाश जाऊन हार्नेसला पट्टा लावा. त्या वेळी रागावायचं नाही. तो रागावणं जोडेल ते पट्टा लावू देण्याशी, आणि पुढच्या वेळी हाती लागणार नाही.