पहाटेचे चार

काल रात्री जेवताना सुनेने सहज विचारले, "बाबा, आज पुन्हा चारला उठलात का? दाराखालून दिवा दिसला." मी होकार दिला आणि बोलणे दुसरीकडे वळले. आज मात्र तो प्रश्न सकाळपासून मनात ठाण मांडून बसला आहे. या वेळी घरात माझ्याशिवाय कोणीच जागे नसते, असे मी धरून चालत होतो. म्हणजे तीही जागी असते. कशासाठी, हे मी विचारले नाही.

निवृत्त झाल्यापासून मला रोज चारच्या सुमारास जाग येते. नोकरीत असताना अनेक वर्षे मी पाचला उठत असे, पण तेव्हा उठण्याला कारण होते, आणि मी वेळेवर पोहोचलो नाही तर कोणाचे तरी काम अडत असे. आता डोळे उघडतात तेव्हा माझी वाट पाहणारे काहीच नसते. झोप मोडली म्हणून मला फारसे वाईट वाटत नाही. वाईट वाटते ते जाग कोणाच्याही उपयोगाची नाही म्हणून. पलंगाच्या दुसऱ्या बाजूला हात जातो, आणि त्याविषयी मला येथे अधिक लिहायचे नाही.

डॉक्टरांकडे गेलो तेव्हा मी त्यांना म्हणालो, "मला झोपच येत नाही." त्यांनी गोळी दिली नाही. या वयात झोपेच्या गोळ्यांनी रात्री तोल जाण्याचा आणि पडण्याचा धोका वाढतो, हे त्यांनी आधी सांगितले आणि मग दोन आठवडे झोपेची नोंद ठेवायला लावली. पलंगावर कधी गेलो, अंदाजे कधी झोप लागली, मध्ये कितीदा उठलो, शेवटची जाग कधी आली, पलंग कधी सोडला आणि दिवसा कधी डोळा लागला, एवढेच लिहायचे होते. घड्याळ पाहून मिनिटे मोजायची नाहीत, सकाळी आठवेल तसे लिहायचे, ही त्यांची सक्त ताकीद होती, कारण रात्री घड्याळ पाहण्यानेच माणूस अधिक जागा होतो.

त्या वहीतला एक साधारण दिवस असा होता. पावणेनऊला मी आडवा झालो, नऊ वाजून दहा मिनिटांच्या सुमारास झोप लागली, मध्यरात्रीनंतर एकदा लघवीला उठलो, तेव्हा दहा मिनिटे गेली, चारला जाग आली आणि सहापर्यंत कूस बदलत पडून राहिलो. दुपारी तासभर झोपलो. डॉक्टरांनी माझ्यासमोरच बेरीज केली. रात्रीची झोप सहा तास चाळीस मिनिटे आणि दुपारची धरून सात तास चाळीस मिनिटे झाली. पासष्टीपुढच्या माणसाला साधारण सात ते आठ तास झोप पुरते, असे ते म्हणाले. म्हणजे मला झोप मिळत होती. अंगावर येत होते ते पलंगावरचे सव्वानऊ तास, आणि त्यांतही पहाटेचे ते शेवटचे दोन.

मग त्यांनी कारण समजावून सांगितले. शरीराचे आतले घड्याळ वयानुसार पुढे सरकते, त्यामुळे संध्याकाळी लवकर पेंग येते आणि पहाटे लवकर जाग येते. गाढ झोपेचा वाटा कमी होतो, म्हणून पहाटेच्या हलक्या झोपेत बारीकशा कारणानेही डोळे उघडतात. डोळ्यांतले भिंग वयानुसार पिवळसर होते आणि त्या घड्याळाला वेळ सांगणारा निळसर प्रकाश आत कमी पोहोचतो. पहाटेचा लख्ख प्रकाश हे घड्याळ आणखी लवकरच्या वेळेकडे ओढतो आणि संध्याकाळचा प्रकाश ते थोडे मागे रेटतो. मी नेमके उलट करत होतो. चारला उठून मोठा दिवा लावायचो, उजाडताच फिरायला जायचो आणि संध्याकाळी पडदे ओढून खुर्चीत डुलक्या घ्यायचो. अवेळी खाल्ले की जेवणाची भूक मरते, तशी त्या डुलकीने रात्रीच्या झोपेची ओढ कमी होते.

त्यांनी आणखीही काही विचारले. घोरताना श्वास अडतो का, रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेता का, आणि सकाळी मन जड असून दिवस चढेल तसे हलके होते का? भल्या पहाटे जाग येणे आणि कशातच रस न वाटणे हे बरेच दिवस सोबत चालले तर ते नैराश्याचे लक्षण असू शकते, म्हणून हा शेवटचा प्रश्न ते टाळत नाहीत, असे ते म्हणाले. मी "तसे काही नाही" असे उत्तर दिले. ते उत्तर पूर्ण होते का, हे आज लिहितानाही मला ठरवता येत नाही.

त्यांच्या सांगण्यावरून मी संध्याकाळी उजेड असेतो फिरू लागलो, दुपारची झोप तीनच्या आत अर्ध्या तासावर आणली आणि रात्री दहापर्यंत जागा राहू लागलो. काही आठवड्यांनी जाग साडेचारकडे सरकली, एखाद्या दिवशी पावणेपाचलाही गेली. पण दहापर्यंत जागे राहण्यासाठी मला शेवटचा तासभर झोपेशी झगडावे लागे, आणि त्या वेळी मुलांशी बोलण्यातही लक्ष राहत नसे. अर्धा तास उशिरा आलेली जाग मला या झगड्याच्या मोलाची वाटली नाही. म्हणून आता मी साडेनऊला झोपतो आणि जाग पुन्हा चारवर आली आहे. दिवसा वाचताना पेंग येत नाही, जिना चढताना थकवा वाटत नाही, त्यामुळे एवढी झोप मला पुरते, असे मी आता मानतो.

बदलली ती चारनंतरची वेळ. जाग आल्यावर पंधरा-वीस मिनिटांत झोप लागणार नाही असे वाटले की मी पलंग सोडतो, कारण पलंगावर तळमळत पडण्याची सवय लागली की शरीर पलंगालाच जागेपणाशी जोडून टाकते. घड्याळाचे तोंड भिंतीकडे केलेले असते. बाहेरच्या खोलीत मंद पिवळा दिवा लावून बसतो आणि फोन हातात घेत नाही. कधी जुनी पत्रे लावतो, कधी नुसता बसतो. नुसते बसण्याची मला पूर्वी भीती वाटत असे, कारण त्यातच कोणालाही आपली गरज नसल्याचा विचार सर्वांत मोठा होई. तो विचार आजही येतो. आता तो आला म्हणून मी उठून काहीतरी करण्याची घाई करत नाही आणि पुष्कळदा तो थोड्या वेळाने आपोआप मागे पडतो. दिवसभर ज्यांच्या मागे मी होतो त्या सर्वांना या वेळी माझी गरज नसली, तरी मलाही त्या वेळी कोणाकडून काही हवे नसते. ही मोकळीक मला नोकरीच्या एवढ्या वर्षांत कधी मिळाली नव्हती.

पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणी आहे. वही घेऊन जाईन. मनाविषयीचा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला, तर या वेळी पलंगाच्या त्या दुसऱ्या बाजूविषयीही सांगण्याचे मी ठरवले आहे, कारण वहीत त्यासाठी रकाना नाही आणि मी बोललो नाही तर त्यांना ते कळणार नाही.