सगळीकडे ४.०

जानेवारीत चार दिवस रजेवर होतो. परतल्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रातला आयएलआर, म्हणजे लस ठेवायचा खास फ्रीज, उघडला. थर्मामीटर ४.० दाखवत होता. वहीतही चारही दिवस सकाळ-संध्याकाळ ४.०, एकाच पेनाने, एकाच बसकणीत लिहिल्यासारखं. खरा फ्रीज इतका शहाणा नसतो.

म्हणून आतलं तापमान आपोआप नोंदवणाऱ्या लॉगरचा आलेख काढला. तिसऱ्या रात्री दोन ते साडेचार, उणे १.८. लाईट गेल्यावर तापमान ८ च्या वर सरकलं, तसं कुणीतरी थर्मोस्टॅटचा खटका थंडीकडे फिरवला आणि पहाटेपर्यंत तसाच विसरला. लस जास्त थंड झाली की जास्त टिकते, हा समज आपल्याकडे डॉक्टरांपर्यंत आहे.

"कुपीवरचा चौकोन पांढरा आहे ना? मग चालू दे," वरिष्ठ म्हणाले. तो चौकोन उष्णता दाखवतो, गोठणं नाही. पेंटाव्हॅलेंट, म्हणजे पाच रोगांवरची एकत्र लस, एकदा गोठली की तिच्यातल्या ॲल्युमिनियमच्या क्षाराचे कण गुठळतात, लसीचा जोर जातो. आणि वितळल्यावर कुपी दिसायला अगदी साधी.

शेक टेस्टला बसलो. त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम डीप फ्रीजरमध्ये रात्रभर घट्ट गोठवली, सकाळी टेबलावर आपोआप वितळू दिली. मग ती आणि संशयित कुपी एकाच मुठीत धरून दहा-पंधरा सेकंद हलवल्या आणि खिडकीपाशी शेजारी-शेजारी ठेवल्या. मुद्दाम गोठवलेलीत काही मिनिटांतच पांढरा गाळ खाली बसू लागला, वर नितळ पाणी. दुसरी अजून दुधाळ असेल तर ती वाचली. दोघींचा गाळ सारख्याच वेगाने बसला, तर गेली.

वरच्या टोपलीतल्या कुपीचं दूध अर्ध्या तासानेही फाटलं नाही. तळातलीचं मात्र बरोबरीने खाली बसलं.

तळाशी पेंटा मुळात असायलाच नको. तिथे सगळ्यात जास्त थंडी. तिथे पोलिओच्या तोंडावाटे द्यायच्या आणि गोवर-रुबेलाच्या लसी ठेवायच्या, त्यांना गोठण्याची भीती नसते. पण रजेच्या काळात नवा साठा आला आणि जागा दिसेल तिथे कोंबला. तळातल्या सगळ्या कुपींवर 'वापरू नये' लिहून त्या बाजूला काढल्या, अहवाल पाठवला. खुलासा अर्थातच माझ्याकडून मागितला गेला.

त्याचं काही वाटत नाही. डोक्यात आहे ते वेगळंच. त्या थंड रात्रीनंतरच्या सकाळी गावातल्या सत्राला दोन कुपी गेल्या होत्या, अकरा बाळांना टोचल्या गेल्या. वाटप रजिस्टरमध्ये बॅच नंबर आहे, वेळ आहे, सही आहे. पण वरच्या आणि तळातल्या टोपलीची बॅच एकच, आणि कुपी कुठल्या टोपलीतून काढली, हे लिहायला त्यात रकानाच नाही.